एका चुलीचा एक विळा

मी पेठेतली. माझे वडील कारकून, आई शाळेत शिक्षिका, आणि दूध आमच्याकडे रोज सकाळी दारात येऊन पडायचं. ते कुठून येतं असा प्रश्न घरात कधी कोणाला पडला नाही. पाणी जास्त घातलंय का, एवढाच पडायचा. लग्न होऊन मी येरवड्याच्या पुढे, वाघोलीच्या अलीकडे, हमरस्त्यापासून जरा आत असलेल्या एका गावात आले तेव्हा मला कळलं की दूध गवतातून येतं, आणि गवतावरून माणसं एकमेकांचं तोंड बघायचं सोडतात.

घरात आम्ही दोन जोडपी. थोरले दीर, ज्यांना सगळं गाव दादा म्हणायचं, त्यांची बायको म्हणजे माझी जाऊ, आणि आम्ही दोघं. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. जावेला मी अक्का म्हणायचे. अक्का माझ्याहून बरीच मोठी, अंगाने सडपातळ, बोलायला तिखट आणि हाताला भयंकर चपळ. पेठेतली सून आली म्हणून तिने माझी यथेच्छ चेष्टा केली. मला शेणाची पाटी उचलता येत नाही हे तिने शेजारच्या सगळ्या बायकांना बोलावून दाखवलं होतं. पण मला पहिल्यांदा ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसलेली तीच होती. खोटं कशाला सांगू, त्या घरात मी नवऱ्याच्या आधी तिला जीव लावला.

घर म्हशींवर चालायचं. शेती होती, पण ती खायच्या ज्वारीपुरती. हातात खेळता पैसा यायचा तो दुधाचा. म्हशींना लागायचं गवत, आणि गवत होतं गावामागच्या माळावर, गायरानात. ही जमीन कोणाच्याच नावावर नव्हती. सरकारी कागदात ती गायरान होती, गाव तिला कुरण म्हणायचं. शेतात ज्वारीचा कडबा व्हायचा, पण तो वर्षभर पुरायचा नाही. कुरणाचं गवत होतं म्हणून गोठा होता, आणि गोठा होता म्हणून दोन भाऊ एका छपराखाली नांदत होते. हे मला पुष्कळ उशिरा समजलं.

कुरणाचे कायदे कुठे लिहिलेले नव्हते, पण लहान पोरांनाही पाठ होते. मृग लागला की कुरण बंद. मग दसऱ्यापर्यंत तिथे ना जनावर जायचं, ना विळा. राखणीला पाळी होती. आज या घरचा माणूस, उद्या त्या घरचा. कोणाचं जनावर आत शिरलं तर त्याची रवानगी कोंडवाड्यात, आणि सोडवायला येणाऱ्याने आधी देवळात नारळ फोडायचा. दुसऱ्यांदा शिरलं तर एक दिवस बांधबंदिस्तीचं काम. तिसऱ्यांदा कोणाचं शिरल्याचं मी कधी ऐकलं नाही, कारण तोवर गाव बोलून बोलून माणसाला अर्धमेलं करायचं. दसऱ्यापर्यंत गवत पिकून त्याचं बी खाली पडलेलं असायचं, म्हणजे पुढच्या वर्षाची पेरणी आपोआप झालेली असायची. मग कापणी. कापून उरलेल्या खुंटांवर उन्हाळाभर गावची जनावरं मोकळी चरायची.

कापणीचा नियम एकच. एका चुलीचा एक विळा. ज्या घरात एक चूल पेटते त्या घरातून एकच माणूस कापायला येणार, आणि डोक्यावरच्या भाऱ्यानेच गवत नेणार. बैलगाडी लावायची नाही. मग घर श्रीमंत असो की गरीब, एक माणूस दिवसभरात कापून कापून कापणार किती? कुरण सगळ्यांना पुरायचं ते या एका विळ्यामुळे.

विळे मोजायचे म्हणजे चुली मोजायच्या. त्यासाठी दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी गावातले दोन जाणते म्हातारे वाटीत गेरू घेऊन दारोदार फिरायचे. चूल पेटलेली आहे का बघायचे आणि दर चुलीसाठी दाराच्या चौकटीवर गेरूचं एक बोट ओढायचे. ज्या चौकटीवर बोट, तिचा विळा. त्या दोघांपैकी एक माझ्या पहिल्याच वर्षी वारले. उरलेले आजोबा मग एकटेच फिरत. अंगाने वाकलेले, पण डोळे असे की भिंतीपलीकडचं दिसावं. सगळे त्यांना गेरूचे आजोबा म्हणायचे.

पहिल्या वर्षी आमच्याकडून अक्का गेली. मी तिच्यामागे पाणी घेऊन. गवत माझ्या कमरेच्या वर होतं. पवन्या, मारवेल, अशी नावं अक्का सांगत होती आणि मी पेठेतली, मला सगळं गवत म्हणजे गवत. सगळ्या बायका एका रांगेत वाकलेल्या, विळ्यांचा खसखस आवाज आणि मधेच कोणाच्या तरी नवऱ्यावरून हसणं. मला ते दृश्य अतिशय आवडलं. मी अक्काला तसं म्हटलं तर ती म्हणाली, आवडलंय ना, मग पुढच्या वर्षी तू काप, मी पाणी आणते.

तेवढ्यात पुणं वाढायला लागलं. आधी घरावर केबलच्या वायरी आल्या, मग रस्त्याला एसटीडी बूथ, मग ज्यांच्या जमिनी हमरस्त्याला लागून होत्या त्यांच्याकडे पांढऱ्या बुटातली माणसं. येरवड्यापासून इकडे नव्या सोसायट्या उठू लागल्या आणि त्यांना दूध लागू लागलं. टपऱ्या वाढल्या, हॉटेलं वाढली. बँक म्हशीला कर्ज देऊ लागली. ज्याने रस्त्याकडेची जमीन विकली त्याने मोटारसायकल घेतली आणि उरलेल्या पैशात म्हशी. ज्याने विकली नाही त्याने कर्ज काढून म्हशी. आमच्याही गोठ्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. आमचे हे पहाटे सायकलला कॅन लावून येरवड्याला जायचे ते दुपारी परतायचे. घरात पैसा दिसू लागला. दुधाच्या त्या पैशातून दादांनी रस्त्याच्या कडेला जमिनीचा एक तुकडा हप्त्यांवर घेतला आणि स्वतःच्या नावावर केला. थोरल्याच्या नावावर होणं ही त्या घरातली रीतच होती, त्यामुळे कोणी काही म्हणालं नाही. मीही नाही.

म्हशी वाढल्या पण कुरण होतं तेवढंच राहिलं.

रस्त्याकडच्या मोठ्या घराने पहिली युक्ती काढली. त्या घरात तीन मुलगे, जेवण एकत्र, पण दसऱ्याच्या आधी बघावं तो तीन चुली. आजोबांनी तीन बोटं ओढली आणि तीन विळे कुरणात उतरले. गावात चार दिवस चर्चा झाली. लोक तोंडावर हसले, आणि घरी जाऊन आपापल्या भिंती न्याहाळू लागले.

पुढच्या पावसाळ्यात दादा जेवताना म्हणाले की आपणही धाकट्याची चूल वेगळी मांडू. नावापुरती. आमचे हे म्हणाले की हे बरं दिसत नाही. दादांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि शांतपणे म्हणाले, "आपन न्हाय कापलं, तर दुसरा कापनार. गवत तर ऱ्हानार न्हाय."

मी नंतर अनेक वर्षं या वाक्यावर उत्तर शोधलं आणि एकट्या माणसाला देता येईल असं उत्तर मला सापडलं नाही.

चूल अक्काने घातली. गोठ्याला लागून पडवी होती, तिथे. तिने माती चाळली, त्यात शेण आणि भुसा मिसळला आणि दोन दिवस हाताने थापून थापून अशी सुबक चूल उभी केली की मी बघतच राहिले. वर पांढऱ्या मातीचा हात फिरवला. मला म्हणाली, "पेठंत तुला ग्यास व्हता, हितं राणीला सवती चूल." आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्या घरात माझ्या एकटीचं असं पहिल्यांदा काहीतरी झालं होतं, आणि ती चूल मला मनापासून आवडली होती. नाटकाची होती हे ठाऊक असूनही.

आजोबा आले तेव्हा मी त्या चुलीवर भाकरी टाकली होती. ते वाकले, चुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग आतल्या घरात जाऊन अक्काच्या चुलीकडे बघून परत आले. माझ्या पुढ्यात पितळेची परात होती. तिच्यात मी पीठ मळलं होतं. अक्काच्या लग्नातली, काठाला पोचा आलेली.

"परात एकच दिसती," आजोबा म्हणाले.

"मागून घेतलीया तिनं," अक्का आतून म्हणाली.

आजोबा जरासे हसले. मग वाटीत बोट बुडवून त्यांनी पडवीच्या चौकटीवर रेघ ओढली आणि काठी टेकत पुढच्या घरी गेले. रात्री आम्ही चौघंही आतल्या घरात, अक्काच्याच चुलीवरचं जेवलो.

त्या वर्षी आम्ही दोन विळ्यांनी कापलं. दाराशी गवताची अशी गंजी रचली की दादा येता-जाता तिच्यावर हात फिरवायचे. पण तशी गंजी बऱ्याच दारांत होती, आणि कुरण दिवाळीच्या आधीच बोडकं झालं. उन्हाळ्यात जनावरांना खुंटही मिळाले नाहीत. पुढच्या वर्षी तर घराघरात चुली उगवल्या. गोठ्यात, ओसरीवर, एकाने तर कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी. तान्ह्या पोराच्या नावाची चूलही मी पाहिली. आजोबा मुकाट्याने बोटं ओढत राहिले. अडवणार कोणाला? त्यांच्या स्वतःच्या घरात दोन होत्या.

विळे एवढे झाल्यावर दसऱ्यापर्यंत थांबणार कोण. दुसरा आधी शिरेल या धास्तीने कापणी गणपतीतच सुरू झाली. गवत हिरवं होतं, बी धरायचं होतं. आम्ही ते तसंच कापून आणलं. राखणीच्या पाळीला माणसं जाईनाशी झाली, कारण पाळीवर जाणारा दुसऱ्यासाठी राखतोय असं त्याला वाटायचं. कोंडवाड्याचं दार कोणीतरी चुलीत घातलं. दोन पावसाळ्यांत पवन्या विरळ झाला आणि त्याच्या जागी कुसळी गवत माजलं. त्याची कुसळं लुगड्यात, पायात, म्हशींच्या ओठांत रुतायची. म्हशी तोंड लावून फिरवायच्या. त्याच्याही पुढच्या वर्षी पांढऱ्या फुलांचं गाजरगवत आलं, ज्याला बकरंसुद्धा शिवत नाही. आणि मग उताराची माती पावसाबरोबर ओढ्यात गेली आणि खालचा मुरूम वर आला. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. मला वाटायचं अशा गोष्टींना पिढ्या लागत असतील. माझा मुलगा चालायला लागून शाळेत जाईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्याच सुमारास आमच्याकडे मांजरी गावाकडून एक भोईण मासे घेऊन यायची. नदीकाठच्या भोयांची. डोक्यावर पाटी, तोंडात तंबाखू. अक्काचं आणि तिचं चांगलं जमायचं. तिच्याकडूनच मला कळलं की नदीलाही असेच कायदे होते. आषाढ-श्रावणात मासा अंड्यांवर असतो आणि प्रवाहाच्या उलट वर चढतो, तेव्हा जाळं टाकायचं नाही. जाळ्याच्या भोकातून दोन बोटं सहज गेली पाहिजेत, म्हणजे पिल्लं निसटतात. आणि देवीजवळच्या डोहात तर बारा महिने जाळं नाही. मोठी मासळी तिथे राहायची आणि तिथूनच नदी भरायची. हे सगळं भोयांनी आपसात पाळलेलं. मग नदीत शहराची घाण आली, मासा कमी झाला, आणि दगडखाणीवर कामाला आलेली माणसं सुट्टीच्या दिवशी जिलेटीनची कांडी घेऊन डोहावर येऊ लागली. कांडी टाकली की लहानमोठं सगळं पोट वर करून तरंगायचं.

एकदा ती आली तेव्हा पाटीत नेहमीपेक्षा मोठे मासे होते. अक्काने विचारलं की हे कुठले. ती बराच वेळ तंबाखू मळत बसली. शेवटी म्हणाली की डोहातले. तिच्या नवऱ्याने आणि दिराने मिळून ब्लीचिंग पावडर टाकून काढलेले.

"आमी न्हाय मारलं, तर खाणवाले मारनार व्हते," ती म्हणाली. "तेंच्यापरीस आमी मारलं."

अक्काने ते मासे घेतले नाहीत. मला त्या वेळी वाटलं की अक्काला वास आवडला नसेल. पुढे ती भोईण येत राहिली, पण पाटीत बर्फात घातलेले समुद्राचे मासे असायचे, मंडईतून विकत घेतलेले. मग तीही यायची बंद झाली.

गवत विकत घ्यायची पाळी आमच्यावर आली तेव्हा दादांनी टेम्पो टेकडीपलीकडच्या गावात नेला. अक्का आणि मी भारे बांधायला म्हणून मागे बसलो होतो. टेकडी उतरलो आणि आम्ही दोघी टेम्पोत उभ्याच राहिलो. त्यांचं कुरण उभं होतं. माळ तोच, पाऊस तोच, रस्त्याकडेला विकलेल्या जमिनीही तशाच. पण गवत कमरेच्या वर, आणि पिकून सोनेरी पडलेलं.

भारे बांधताना मी तिथल्या एका बाईला विचारलं. त्यांच्याकडे चूल मोजत नव्हते. वाटा जुन्या घराचा. ते घर पुढे फुटून चार झाली तरी त्या चौघांनी त्याच एका वाट्यात भागवायचं. त्यामुळे चूल वेगळी मांडून तिथे कोणाला काही मिळतच नव्हतं. म्हशी वाढल्या तेव्हा त्यांनी एक रात्रभर भांडून ठरवलं होतं की वाट्यामागे अमुक जनावरं, त्यावरच्यांना विकतचा चारा. कोणता पट्टा कोणाचा, हे दरवर्षी चिठ्ठ्या टाकून. राखणीला दर पंधरवड्याला नवी दोन घरं, आणि राखण चुकवली तर त्या वर्षी विळा जप्त. मग वाट्यापेक्षा जास्त झालेलं गवत ते आमच्यासारख्यांना विकायचे आणि तो पैसा पुन्हा कुरणाच्या बांधांना. त्या बाईने हे अगदी सहज सांगितलं, वर विचारलं की तुमच्याकडे काय पद्धत आहे. अक्काने भारा डोक्यावर चढवला आणि चालू लागली.

परतल्यावर गावात बैठक झाली. ती अक्कामुळे झाली असं मी आजही मानते, कारण तिने घरोघरी जाऊन बायकांचे कान भरले आणि बायकांनी नवऱ्यांचे. देवळात सगळे जमले. बरंच भांडण झालं, जुनी उणीदुणी निघाली, पण शेवटी पलीकडच्या गावासारखं करायचं ठरलं. एक वर्ष कुरण पूर्ण बंद ठेवायचं, बी टाकायचं, आणि वाटा जुन्या घराचा धरायचा. त्याची खूण म्हणून पाडव्याच्या दिवशी प्रत्येकाने आपल्या घरातली जादा चूल फोडायची. आजोबा फिरून बघणार होते. त्या रात्री मी पहिल्यांदा गावाबद्दल जरा बरं बोलले. आमचे हे म्हणाले, पेठेतली माणसंही कौतुक करतात का.

पाडव्याला सकाळी गुढी उभी राहिली. मी पडवीत गेले, कोपऱ्यातली पहार उचलली. वाईट वाटत होतं, पण फोडायची होती. तेवढ्यात दादा दारात आले.

"रस्त्याकडच्यांची फुटली का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मला काय माहीत.

"मग थांब. त्यांची आधी फुटू दे. आपन फोडली आन् त्यांनी न्हाय फोडली, म्हंजी?"

मी नवऱ्याकडे बघितलं. ते दोरी वळत बसले होते. मी म्हटलं की कोणीतरी आधी फोडायलाच हवी. त्यावर अक्का पुढे आली. मला वाटलं ती माझ्या बाजूने बोलेल. कुरणासाठी सगळ्या गावाचे उंबरे झिजवलेली बाई ती. तिने माझ्या हातातून पहार काढून घेतली आणि कोपऱ्यात ठेवली. म्हणाली, "दुपारपत्तोर बघू."

दुपारपर्यंत सगळं गाव एकमेकांच्या चुलींकडे बघत होतं. रस्त्याकडचे म्हणाले की वरच्या आळीची फुटू दे. वरची आळी म्हणाली की सुरुवात ज्यांनी केली त्यांनी आधी फोडावी. संध्याकाळपर्यंत गावात तीन चुली फुटल्या, आणि तिन्ही गावकुसाकडच्या गरिबांच्या, ज्यांना शब्द मोडायची भीती होती. त्यांचा विळा गेला. बाकीच्यांचा राहिला. पुढच्या बैठकीला ती तीन घरं आली नाहीत, आणि त्यानंतर बैठकच झाली नाही.

मग एके दिवशी कचेरीतली माणसं जीपमधून कुरण बघायला आली. बघायला मुरूम आणि गाजरगवत होतं. एकही जनावर नव्हतं. त्यांनी विचारलं की इथे गुरं चरतात का, आणि लोकांना खोटं बोलणंही जमलं नाही. गायरान वापरात नाही, असं ठरलं. ते कशाला तरी देऊन टाकलं, कशाला ते तारेचं कुंपण पडेपर्यंत गावाला कळलं नव्हतं. त्या वर्षी आमच्या म्हशी व्यापाऱ्याने नेल्या. शेवटची म्हैस टेम्पोत चढेना. अक्काने तिच्या कपाळावर हात ठेवला तेव्हा चढली.

गोठा गेला आणि तेवढ्यात पलीकडे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं कंपनीच्या बसमधून जाऊ-येऊ लागली आणि रस्त्याकडेच्या जमिनीला बिल्डर येऊन चिकटले. दादांनी तो तुकडा विकायचं ठरवलं. आमचे हे म्हणाले की अर्धा आपला, दोघांच्या दुधाचा आहे. दादा म्हणाले की तो तुकडा त्यांचा एकट्याचा, कारण चुली तर केव्हाच वेगळ्या झालेल्या. तुकड्याचे अर्धेअधिक हप्ते चूल मांडल्यानंतर गेले होते, आणि वेगळं झाल्यावर ज्याचं त्याचं.

मला आधी वाटलं ते चेष्टा करताहेत.

भावाभावांचं म्हणून चार माणसांत बसायचं ठरलं. त्याच देवळात. आमचे हे बोलायला उभे राहिले. म्हणाले, ते नाटक होतं, सगळ्या गावाला माहीत आहे. सगळं गाव खाली बघत होतं. ज्याच्या त्याच्या घरात तशीच एक चूल होती आणि बहुतेकांच्या घरात तसाच वाद शिजत होता. नाटक होतं असं कोणी कबूल केलं असतं तर ते त्याच्याच घरावर उलटलं असतं, किंवा उपयोगी पडलं असतं. कोणालाच अंदाज नव्हता, म्हणून सगळे गप्प.

अक्का खांबाला टेकून बसली होती. ह्यांनी तिच्याकडे बघून म्हटलं, "वहिनी, तुम्ही सांगा."

तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "चूल मी घातली," ती म्हणाली. "माज्या हातानं. तिच्या नावाची."

एवढंच. यातला एक शब्दही खोटा नव्हता. ती दादांकडे बघत नव्हती आणि माझ्याकडेही नाही. मला तेव्हा तिचा भयंकर राग आला. आता मी विचार करते की तिने दुसरं काय म्हणायचं होतं. तिला रात्री त्याच घरी जायचं होतं. पण राग गेलेला नाही.

मी उठले. बायकांनी तिथे बोलायची पद्धत नव्हती, पण माझ्याकडे पेठेची जीभ होती. मी आजोबांना म्हटलं, "आजोबा, तुम्ही आला होतात तेव्हा आमच्यात परात एकच होती. तुम्ही स्वतः म्हणाला होता."

आजोबांनी काठीवरची हनुवटी उचलली. त्यांना आता नीट दिसत नव्हतं, पण आवाजावरून त्यांनी माझ्याकडे तोंड केलं.

"व्हय. परात एकच व्हती," ते म्हणाले. "पन मोजायची चूल ठरली व्हती पोरी, परात न्हाय. तवा तुमी समद्यांनी चूलच दाखिवली."

मी खाली बसले.

वाटणीत आम्हाला मागची ज्वारीची जमीन आली. ती आम्ही नंतर विकली आणि वाघोलीला फ्लॅट घेतला. दूध पिशवीतून येतं. आमचे हे एका सोसायटीत सुरक्षारक्षकांचे सुपरवायझर झाले, आणि तिथल्या गाड्यांच्या पार्किंगवरून माणसं जशी भांडतात ते घरी येऊन सांगायचे. मी ऐकायचे आणि विषय बदलायचे.

सामान हलवायचा दिवस मात्र मला सांगायचा आहे. भांडी वाटली गेली होती. परात अक्काकडे राहिली, कारण ती तिच्या लग्नातली. टेम्पो भरून झाला, मुलगा पुढे जाऊन बसला. मी एकदा सगळीकडे बघून घ्यावं म्हणून पडवीत गेले. चूल तशीच होती. पांढऱ्या मातीचा हात उडालेला, कडेला अक्काच्या बोटांचे ठसे वाळून राहिलेले. चौकटीवर गेरूच्या रेघा होत्या, दर दसऱ्याची एक. पहार त्याच कोपऱ्यात.

मी ती उचलली. मागे चाहूल लागली म्हणून वळले तर अक्का दारात उभी होती. मी हात थांबवला आणि तिची वाट बघितली. खरंच वाट बघितली. तिने पुढे यावं आणि पहार काढून घ्यावी असं मला वाटत होतं.

ती जागची हलली नाही. मी पहार घातली आणि चूल एका घावात फुटली.